खोका खरा, माल खोटा: हेडलाइट बल्ब, वायपर आणि बाइकची चेन घेताना नेमकं काय बघायचं?

बनावट स्पेअर पार्ट्सवर छापा पडल्याची बातमी दर थोड्या दिवसांनी येते आणि तिचा साचा ठरलेला असतो. अमुक पेठेतल्या दुकानात किंवा गोडाऊनमध्ये नामांकित कंपनीच्या नावाचा बनावट माल सापडला, इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त, आणि शेवटच्या ओळीत ‘कॉपीराइट कायद्यानुसार गुन्हा दाखल’. मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते ती ही शेवटची ओळ. बाइकची चेन आणि कॉपीराइट? कॉपीराइट तर गाण्यांचा, सिनेमांचा, सॉफ्टवेअरचा असतो ना?

यामागे पोलिसांची एक व्यावहारिक सोय आहे. दुसऱ्याचं ब्रँडनेम वापरणं हा खरं तर ट्रेडमार्क कायद्याचा (१९९९) विषय. पण त्या कायद्याखाली माल जप्त करायचा तर कारवाई करणारा अधिकारी किमान उपअधीक्षक दर्जाचा लागतो, आणि त्याला आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. उलट १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात उपनिरीक्षकसुद्धा वॉरंटशिवाय माल ताब्यात घेऊ शकतो. खोक्यावरचं डिझाइन, चित्र, लोगोची मांडणी ही कायद्याच्या भाषेत ‘कलाकृती’ असते, आणि ती चोरली म्हणून गुन्हा नोंदवता येतो. सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये निट प्रो इंटरनॅशनलच्या प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं स्पष्ट केलं, त्यामुळे हा रस्ता आणखी सोपा झाला.

म्हणजे छाप्यात पुरावा असतो तो मुख्यतः खोका. आतला बल्ब किती उजेड देतो, चेनची पिन किती कडक आहे, हे त्या गुन्ह्यात मुळात विचारलंच जात नाही. आपण ग्राहकही तसंच करतो. खोका उलटसुलट करून बघतो, होलोग्राम चमकवतो, क्यूआर स्कॅन करतो आणि समाधानी होतो. माझं म्हणणं असं की आपण हा क्रम उलटा करायला हवा. छपाईवर सगळ्यात कमी विश्वास, धातूवरच्या ठशावर त्याहून जास्त, आणि फिनिशिंगवर सगळ्यात जास्त.

याचं कारण खर्चात आहे. छपाईची नक्कल कुठलाही चांगला प्रिंटर एका दिवसात करून देतो. ठशाची नक्कल करायला डाय बनवावी लागते. फिनिशिंगची नक्कल करायची तर खऱ्या कंपनीसारखं मशिन, तसंच स्टील आणि तशीच तपासणी लागते. एवढं सगळं केलं तर नकली माल स्वस्त पडणार कसा? नक्कल करणारा जिथे पैसे वाचवतो, तिथेच तो सापडतो.

आधी एक फरक सांगून टाकतो, कारण यात भरपूर गोंधळ होतो. ‘लोकल’ माल म्हणजे नकली माल नव्हे. एखादा छोटा कारखानदार स्वतःच्या नावाने वायपर विकत असेल तर त्याचा माल चांगला असेल किंवा वाईट, पण तो फसवत नाही. नकली म्हणजे दुसऱ्याचं नाव लावून विकलेला. या लेखात मी दुसऱ्याबद्दलच बोलतोय.

खोका काय सांगतो, काय सांगत नाही

खोक्याची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तो अस्सल असू शकतो आणि तरीही आतला माल नकली असू शकतो. गॅरेजमध्ये दिवसभरात कितीतरी ओरिजनल पार्ट्सचे खोके रिकामे होतात. नीट उघडलेला खोका भंगारात जाण्याऐवजी पुन्हा भरला गेला, तर त्यावरची छपाई, होलोग्राम, बारकोड सगळं शंभर टक्के खरंच असणार. म्हणून पार्ट बसवून झाला की खोका फाडून टाकायची सवय चांगली. अर्थात वॉरंटी आणि तक्रारीसाठी लेबलचा भाग आधी कापून ठेवायचा.

तरीही खोका निरुपयोगी नाही. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार त्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, नग, महिना-वर्ष, सगळ्या करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असावाच लागतो. बाहेरून आलेला माल असेल तर मूळ देशही. यातलं काही गायब असेल, किंवा पत्ता म्हणून नुसतं शहराचं नाव असेल, तर तिथेच थांबा. स्पेलिंगच्या चुकांवर मात्र मी फार विसंबत नाही. त्या आता कमी दिसतात. माझ्या अनुभवात जास्त उपयोगी पडते ती छपाईची धार. फोनचा कॅमेरा मॅक्रो मोडवर टाका आणि सगळ्यात बारीक अक्षरांवर धरा. खऱ्या खोक्यावर मूळ फाइलमधून छापलेली अक्षरं बारीक असली तरी काठाला स्वच्छ असतात. स्कॅन करून छापलेल्या खोक्यावर बारीक काळी अक्षरं रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात आणि काठ फुटलेले असतात. लोगो सुंदर आणि पत्ता गिचमिड, असं दिसलं की शंका घ्यायची.

सध्या एक नवीन घोळ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या ऑटो पार्ट्सवर सरसकट १८ टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी काही पार्ट्स १८ टक्क्यांत होते आणि बरेच २८ टक्क्यांत. त्यामुळे जुनी किंमत छापलेला आणि वर नवीन किमतीचा स्टिकर असलेला माल दुकानांत आला. जुनं पॅकिंग वाया जाऊ नये म्हणून सरकारनेच ते काही काळ वापरायची मुभा दिली होती, अट एवढीच की जुनी छापील किंमत झाकायची नाही. थोडक्यात, एका खोक्यावर दोन किमती दिसल्या म्हणून लगेच नकली म्हणू नका. साधं गणित करा. आधी २८ टक्के कर असलेल्या पार्टची जुनी किंमत ३२० रुपये असेल, तर ३२० ला १.२८ ने भागून २५० येतात आणि त्याला १.१८ ने गुणून २९५. स्टिकरवर २९५ च्या आसपास आकडा असेल तर गोष्ट जुळते. स्टिकरवरची किंमत जुन्यापेक्षा जास्त असेल आणि खालची किंमत खोडलेली असेल, तर दुकानदाराला विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

क्यूआर कोड: हिरवी खूण दिसली म्हणजे झालं का?

हा माझ्या धंद्याच्या जवळचा विषय, म्हणून दोन मिनिटं जास्त घेतो. क्यूआर कोड म्हणजे एक छापलेलं चित्र. ज्याने अख्खा खोका कॉपी केला, त्याने त्यातलं हे चित्रही कॉपी केलंच. स्कॅन केल्यावर कंपनीची खरी वेबसाइट उघडली, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. नकली खोक्यावरचा कोडही तीच वेबसाइट उघडेल. याहून वाईट म्हणजे कोड भलत्याच वेबसाइटवर नेतो आणि तिथे मोठ्या अक्षरांत ‘तुमचं उत्पादन अस्सल आहे’ असं येतं. ते पान बनवायला एक दुपार पुरते. म्हणून स्कॅन केल्यावर लिंक उघडण्याआधी पत्ता वाचा. शंका आली तर लिंक सोडून द्या, कंपनीची साइट स्वतः टाइप करून उघडा आणि नंबर तिथे टाका.

क्यूआरला खरा अर्थ येतो तो प्रत्येक खोक्यावर वेगळा नंबर असेल तेव्हा. मग कंपनीचा सर्व्हर सांगू शकतो की हा नंबर आधी किती वेळा तपासला गेलाय. स्क्रॅच करायच्या कोडची कल्पना हीच आहे, कारण तो खरडल्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. तुम्ही पहिल्यांदाच खरडलेला नंबर ‘आधी ४३ वेळा तपासला गेला’ असं दाखवत असेल तर उत्तर मिळालं.

आणि यात इंटरनेटशिवाय चालणारी एक युक्ती आहे. दुकानदाराकडे त्याच पार्टचे दोन खोके मागा आणि युनिक नंबर शेजारी ठेवून बघा. बॅच नंबर सारखा असणं स्वाभाविक आहे, सिरियल नंबर सारखा असणं अशक्य आहे. डेटाबेसमधली प्रायमरी की दोन ओळींत सारखी येऊ शकत नाही, तसंच हे. नकली खोके एकाच फाइलवरून हजारोंनी छापले जातात, आणि प्रत्येकावर वेगळा नंबर टाकायचा खर्च बरेच जण करत नाहीत.

एच४ बल्ब: आकडे स्वतःच साक्ष देतात

आता आत शिरू. भारतातल्या जुन्या आणि बेसिक व्हेरिएंटच्या गाड्यांत हेडलाइटला बहुतेक एच४ हॅलोजन बल्ब असतो. एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट. हाय बीमचं ६० वॅटचं आणि लो बीमचं ५५ वॅटचं. म्हणून त्याच्या धातूच्या बुडावर ‘१२ व्होल्ट, ६०/५५ वॅट’ असं लिहिलेलं असतं, आणि क्रम हाच असतो. ‘५५/६०’ दिसलं तर लिहिणाऱ्याला ते आकडे कसले हेच माहीत नाही असं समजा.

बल्बवर अजून एक खूण असते. गोल चौकटीत इंग्रजी ई अक्षर आणि त्याला लागून एक आकडा. हा संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३७ नुसार मिळालेल्या मंजुरीचा शिक्का. त्याबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. १ म्हणजे जर्मनी, २ म्हणजे फ्रान्स, ४ म्हणजे नेदरलँड्स हे बरोबर, पण तो मंजुरी देणारा देश आहे, बनवणारा देश नव्हे. त्यामुळे खोक्यावर चीन किंवा भारत आणि बल्बवर ई१, यात काहीच विसंगती नाही. यावरून खरा बल्ब परत करणारे लोक मी पाहिलेत.

खरी विसंगती वेगळी असते. त्या नियमात १२ व्होल्टचा एच४ म्हणजे ६०/५५ वॅटच. बाजारात १००/९० वॅटचे ‘पॉवरफुल’ एच४ भरपूर मिळतात. अशा बल्बवर ई खूण असेल तर ती खूण खोटी आहे, कारण १००/९० ला ती मंजुरी मिळूच शकत नाही. इथे तज्ज्ञ लागत नाही, दोन आकडे शेजारी वाचले की झालं. शिवाय हिशेब करा. १२ व्होल्टवर ६० वॅटला ५ अँपिअर करंट लागतो, १०० वॅटला ८ च्या वर. दोन बल्बचे मिळून १० च्या जागी जवळजवळ १७ अँपिअर. गाडीची वायर आणि होल्डर त्यासाठी बनवलेले नसतात. आधी होल्डरचं प्लास्टिक वितळतं.

गेल्या पावसाळ्याआधी माझ्या मित्राच्या जुन्या हॅचबॅकचा डावा हेडलाइट गेला. त्याने ऑनलाइन एका प्रसिद्ध ब्रँडच्या नावाचा बल्ब मागवला, दुकानातल्या भावापेक्षा निम्म्याने स्वस्त. आम्ही तो गाडीतून काढलेल्या उजव्या, कारखान्यातून आलेल्या बल्बशेजारी ठेवला. खोक्यात मला काही सापडलं नाही, खरंच. मग बुडाकडे गेलो. जुन्या बल्बवरची अक्षरं धातूत कोरलेली होती, चार वर्षांच्या उष्णतेनंतरही वाचता येत होती. नव्यावरची अक्षरं काळ्या शाईची होती आणि नखाने दोनदा घासल्यावर ‘५५’ मधला एक ५ गेला. नियम ३७ म्हणतो की खुणा सुवाच्य आणि न पुसणाऱ्या हव्यात. म्हणजे तो ई शिक्का नखाखाली स्वतःलाच खोटा ठरवत होता.

तरी एवढ्यावर थांबणं मला पटत नव्हतं, कारण पुसणारी शाई म्हणजे अंधार नव्हे. बल्ब कसा आहे ते त्याच्या फिलामेंटवरून कळतं. काचेला हात न लावता (बोटांचं तेल लागलेली हॅलोजनची काच त्या जागी जास्त तापते आणि लवकर जाते) बल्ब आडवा धरून बघा. पुढच्या, टोकाकडच्या फिलामेंटच्या खाली धातूची छोटी वाटी दिसेल. ते लो बीमचं फिलामेंट. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि रस्त्यावर खाली जातो. समोरच्याच्या डोळ्यांत न जाण्याचं सगळं गणित या वाटीवर आणि फिलामेंटच्या जागेवर उभं आहे, आणि त्या जागेची मोजमापं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शांत धरतात. मित्राच्या बल्बमधलं फिलामेंट वाटीला समांतर नव्हतं. डोळ्यांना दिसेल इतकं तिरकं होतं.

मग शेवटची चाचणी, भिंतीवर. गाडी सपाट जागेवर भिंतीपासून पाचेक मीटरवर उभी केली, लो बीम लावला. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे बरोबर बीमची वरची कड उजवीकडे आडवी सरळ असते आणि डावीकडे थोडी वर चढते, म्हणजे फुटपाथवरचा माणूस दिसावा. उजव्या हेडलाइटची कड रेघ मारल्यासारखी होती. डावीकडे कड नव्हतीच. उजेडाचा एक ढग होता आणि त्याचा वरचा भाग रेघेच्या बराच वर. आता हा दोष बल्बचा की हेडलाइटच्या काचेचा-रिफ्लेक्टरचा? आम्ही दोन्ही बल्बांची अदलाबदल केली. ढग उजवीकडे गेला. दोष बल्बबरोबर फिरला, म्हणजे दोष बल्बचाच. कोडमधला बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलतात, तीच पद्धत.

अशा बल्बचं वाईट हे की गाडी चालवणाऱ्याला तो छान वाटतो. समोर झाडांपर्यंत उजेड दिसतो. त्रास होतो तो समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला, आणि त्याला कळायचं कसं की हा डिपर न मारणारा माजोरडा ड्रायव्हर नसून नकली बल्ब आहे?

बाइकची चेन: प्रत्येक कडीवर सही

चेनच्या बाबतीत ठसा जास्त बोलतो, कारण तो एक नसतो, शंभरावर असतात. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक बाइकना ४२८ साइजची चेन लागते. यातला पहिला आकडा ४ म्हणजे चार अष्टमांश इंच, अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. हे एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर, पिच. पुढचे दोन आकडे आतल्या रुंदीबद्दल. मागे एच असेल तर पट्ट्या जाड, हेवी ड्यूटी.

चांगल्या चेनच्या बाहेरच्या पट्ट्यांवर ब्रँडचं नाव किंवा खूण आणि साइज ठोकलेला असतो. पट्टी प्रेसवर कापली जाते त्याच कामात हा ठसाही बसतो, म्हणून त्याची खोली, जागा आणि कोन कडीकडीला सारखा येतो. हातात चेन घेऊन वीस-पंचवीस कड्या सरकवत जा. कुठे ठसा खोल, कुठे फिका, कुठे एका बाजूला सरकलेला, कुठे नाहीच, असं असेल तर ती चेन वेगवेगळ्या ठिकाणच्या पट्ट्यांची किंवा झिजलेल्या डायवरची आहे. खोक्यावर ४२८एच आणि पट्टीवर नुसतं ४२८, हेही मी बघितलंय. चेन लॉकची पट्टी तपासायला विसरू नका. नकली किटमध्ये चेनवर नाव असतं आणि लॉकवर काहीच नसतं, कारण लॉक वेगळीकडून उचललेलं असतं.

मग पिनची टोकं. पट्टीतून बाहेर आलेलं टोक दाबून पसरवलेलं असतं, म्हणजे पट्टी निसटू नये. चांगल्या चेनमध्ये ही सगळी टोकं एकसारखी दिसतात. खराब चेनमध्ये एक टोक चपटं, दुसरं अर्धवट, तिसऱ्याला बाजूला चीर. पट्टीच्या काठावरून बोट फिरवा, पण जपून. धारदार बुरी हाताला लागली तर कापल्यानंतर ती पट्टी घासून-पॉलिश करून घेतलेलीच नाही. हे मी नुसतं दिसण्यासाठी म्हणत नाहीये. अशा खरखरीत काठापासूनच पट्टीला तडा जायला सुरुवात होते.

इथे मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. चेनचं आयुष्य ठरतं ते पिन आणि बुशच्या हीट ट्रीटमेंटवर, आणि ती कुठल्याही कॅमेऱ्यात दिसत नाही. चकचकीत सोनेरी रंगाचा तर तिच्याशी काहीच संबंध नाही. पण मोजता येतं. नवी चेन ताणून सपाट ठेवा आणि २० पिच मोजा, म्हणजे पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत. २० गुणिले १२.७ म्हणजे २५४ मिलिमीटर. नवीन असतानाच २५५ च्या पुढे भरत असेल तर मी ती परत करेन. चांगली निघाली तर तो आकडा आणि ओडोमीटरचं रीडिंग फोनमध्ये लिहून ठेवा, हजार किलोमीटरनी पुन्हा मोजा. दोन टक्के वाढ म्हणजे २५९, ही चेन संपल्याची खूण. मऊ पिनची चेन वेळेवर तेल घालूनही तिकडे फार लवकर पोचते. मग ती स्प्रॉकेटवरून उडी मारते, आणि एखाद्या दिवशी तुटून मागच्या चाकात अडकते.

चेन दुकानातच खोक्याबाहेर काढून बघता येते हा तिचा मोठा फायदा. पुण्यात नाना पेठ असो की दिल्लीत करोल बाग, जो दुकानदार चेन उघडून बघू देत नाही त्याच्याकडून मी घेत नाही. बहुतेक जण बघू देतात.

वायपर: थोडक्यात

वायपरबद्दल कमी लिहितोय, कारण इथे बघण्यासारखी एकच गोष्ट महत्त्वाची आहे, रबराची कड. चांगलं रबर दोन पाती कडेला जोडलेल्या अवस्थेत बनतं आणि मग मधोमध कापलं जातं. त्यामुळे काचेला लागणारी कड चौकोनी, स्वच्छ, ब्लेडने कापल्यासारखी असते. मॅक्रो कॅमेरा कडेवरून टोकापासून टोकापर्यंत फिरवा. साच्यातून निघालेल्या रबराची कड गोलसर असते, मध्येच बारीक शेपट्या किंवा खाचा दिसतात. त्या प्रत्येक खाचेमागे काचेवर पाण्याची एक रेघ उरणार.

बाकी इथे खरा-खोटा यापेक्षा जुना-नवा हा प्रश्न मोठा आहे. अस्सल वायपरही दुकानाच्या काचेत दोन उन्हाळे तापला तर कडक होतो. आपल्याकडे वायपर मे-जूनमध्ये विकले जातात आणि मागच्या वर्षीचा उरलेला माल आधी पुढे येतो. खोक्यावरचा महिना बघा, आणि पाती बोटाने वाकवून सोडा. ती लगेच सरळ झाली पाहिजे.

शंका आली, आता पुढे?

एका खुणेवरून निकाल देऊ नका. कंपन्या पॅकिंग बदलतात, एकच पार्ट दोन कारखान्यांत बनतो, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतला खोका तुमच्या खोक्याशी जुळेलच असं नाही. तुलना करायची तर गाडीतून काढलेल्या मूळ पार्टशी किंवा अधिकृत डीलरकडच्या पार्टशी करा. मी स्वतः साधारण असं धरतो: खोक्यात खोट दिसली तर प्रश्न विचारायचा, ठशात दिसली तर घ्यायचा नाही, फिनिशिंगमध्ये दिसली तर गाडीला लागला असला तरी काढायचा.

घेताना पक्कं बिल मागा आणि त्यावर ‘स्पेअर पार्ट’ असं मोघम न लिहिता ब्रँड आणि पार्ट नंबर लिहून घ्या. बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. महाराष्ट्रातल्या दुकानाचा नंबर २७ ने सुरू होतो, गोव्यातल्याचा ३० ने. ऑनलाइन घेताना वेबसाइटचं नाव बघून विश्वास ठेवू नका, खाली बारीक अक्षरांत ‘विक्रेता’ कोण आहे ते बघा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ न कापता काढा आणि त्यात बुडावरचा किंवा कडीवरचा ठसा जवळून घ्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तिथे काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

ब्रँडच्या कंपनीलाही तेच फोटो मेल करा. सुरुवातीला सांगितलेले छापे बहुतेक वेळा कंपनीच्या माणसाने तक्रार दिल्यावर पडतात, आणि कंपनीला माल कुठे विकला जातोय हे कळतं ते बिलासकट आलेल्या तक्रारीवरून. मित्राला पैसे नऊ दिवसांत परत मिळाले. त्या विक्रेत्याचं पान आठवड्याभराने बंद झालं. त्याच फोटोंसह दुसऱ्या नावाचं पान मला पुढच्या महिन्यात दिसलं, तेव्हा आम्ही तीही लिंक कंपनीला पाठवली.